एका पोळीत आणि भाकरीत नेमकं किती पीठ? गहू, ज्वारी, बाजरी: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी: काय मोजायचं

आहाराच्या नोंदवहीत 'एक चपाती' किंवा 'एक भाकरी' असं लिहिलं की त्यापुढे एक ठरलेला आकडा येतो. फुलका वीतभर असो वा तळहाताएवढा, आकडा तोच राहतो. या प्रकल्पात नगाचा आकडा बाजूला ठेवून प्रत्येक नगात कोरडं पीठ किती ग्रॅम गेलं तेवढंच शोधायचं आहे. पाण्याला कॅलरी नसतात आणि तव्यावर भाजताना उडतं ते पाणीच. त्यामुळे पिठाचं वजन आणि लावलेलं तेल-तूप कळलं की बाकीचा हिशोब पाढ्यासारखा सुटतो.

गहू लोकवन, ज्वारी मालदांडी आणि बाजरी साधी घरगुती घेतली आहे. तिन्ही एकाच गिरणीतून बारीक दळून आणली. पीठ चाळायचं नाही, कारण चाळणीत कोंडा राहतो, त्याबरोबर तंतू जातात आणि मग कोष्टकातले आकडे लागू पडत नाहीत. ज्यांच्या घरी चाळतात त्यांनी चाळल्यानंतरच पीठ तोलावं आणि तंतूंचा आकडा थोडा कमी धरावा.

काटे दोन आहेत. परातीसाठी एक ग्रॅम दाखवणारा साधा स्वयंपाकघराचा काटा आणि गोळ्यांसाठी ०.१ ग्रॅमचा छोटा. साध्या काट्याची एक खोड ध्यानात ठेवावी लागते. त्यावर चिमूट-चिमूट पीठ टाकत गेलं की तो ते मोजतच नाही, कारण शून्याच्या आसपासची हळू वाढ तो स्वतःच पुसून टाकतो. म्हणून काट्यावर थेट भुरभुरवायचं नाही. वाटीत घ्यायचं आणि वाटी उचलून पुन्हा ठेवायची.

५ जानेवारी: कोष्टक

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०१७ चं कोष्टक आधाराला घेतलं. १०० ग्रॅम पिठामागे (ज्वारी-बाजरीसाठी धान्यामागे) आकडे असे आहेत:

| | गहू (कणीक) | ज्वारी | बाजरी |
|---|---|---|---|
| कॅलरी | ३२० | ३३४ | ३४८ |
| प्रथिनं, ग्रॅम | १०.६ | १०.० | ११.० |
| स्निग्ध, ग्रॅम | १.५ | १.७ | ५.४ |
| कर्बोदकं, ग्रॅम | ६४.२ | ६७.७ | ६१.८ |
| तंतू, ग्रॅम | ११.४ | १०.२ | ११.५ |
| ओलावा, ग्रॅम | ११.१ | ९.० | ९.० |

याच संस्थेच्या जुन्या कोष्टकात कणकेला ३४१ कॅलरी आणि ६९.४ ग्रॅम कर्बोदकं दिसतात. गहू काही बदललेला नाही, मोजण्याची रीत बदलली. जुन्या रीतीत तंतूंचा एक छोटा भागच वेगळा निघत असे (कणकेत जेमतेम १.९ ग्रॅम) आणि उरलेले तंतू कर्बोदकांत जात. नव्या कोष्टकात सगळे तंतू वेगळे काढले आहेत.

यातून एक चूक हमखास होते. 'निव्वळ कर्बोदकं' हवीत म्हणून ६४.२ मधून ११.४ पुन्हा वजा करतात. ते आधीच वजा झालेले आहेत. विकतच्या पिठाच्या पाकिटावर मात्र कर्बोदकांत तंतू धरलेले असू शकतात. ओळखायची सोपी युक्ती अशी: पाकिटावरची प्रथिनं, स्निग्ध आणि कर्बोदकं यांची बेरीज करायची आणि त्यात ओलावा व राख, म्हणजे खनिजं, यांचे मिळून साधारण १२ मिळवायचे. तंतू न मिळवताच बेरीज १०० च्या आसपास आली तर तंतू कर्बोदकांच्या पोटात आहेत. बेरीज १० ते १२ ने कमी पडली तर ते वेगळे दाखवले आहेत.

४-४-९ च्या गुणाकाराने, म्हणजे ग्रॅममागे प्रथिनांना ४, कर्बोदकांना ४ आणि स्निग्धाला ९ कॅलरी धरून, कणकेचे ३१३ येतात आणि कोष्टकात ३२० आहेत. दोन टक्क्यांचा फरक आहे, त्यावर वेळ घालवायचा नाही. इथून पुढे कोष्टकातली कॅलरीच धरली आहे.

७ जानेवारी: गव्हाचा फुलका

परातीचं रिकामं वजन आधी लिहून ठेवलं. कणीक ३०० ग्रॅम, गार पाणी १८९ ग्रॅम, मीठ नाही, तेल नाही. मळून अर्धा तास झाकून ठेवली. परातीसकट तोलून परात वजा केली तर ४८९ ग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम कणकेत ३०० भागिले ४८९, अर्थात ०.६१३ ग्रॅम पीठ. ४० ग्रॅमच्या गोळ्यात २४.५ ग्रॅम.

'३०० ग्रॅम पिठाचे बारा फुलके झाले, म्हणून एकात २५' हा हिशोब इथे जवळपास जुळतो, पण तो नशिबाचा भाग आहे. हाताला, परातीला आणि शेवटच्या छोट्या गोळीला लागलेली कणीक त्यात हिशोबाबाहेर राहते. गुणोत्तर धरलं की कणीक कुठे चिकटली याने काही बिघडत नाही, कारण चिकटलेल्या कणकेतही पीठ-पाण्याचं प्रमाण तेच असतं.

खरी गफलत पिठीत असते. लाटताना लावलेली पिठी बहुतेक जण मोजत नाहीत. पिठीचा डबा सुरुवातीला १०० ग्रॅम होता, बारा फुलके लाटून ७४ उरला. पोळपाटावर आणि खाली सांडलेली पिठी ब्रशने गोळा केली ती ४ ग्रॅम. म्हणजे २२ ग्रॅम पिठी फुलक्यांबरोबर गेली, एकामागे १.८. फुलक्यातलं एकूण पीठ २६.३ ग्रॅम झालं. पिठी सोडून हिशोब केला तर ७८ कॅलरी आणि धरून ८४. कणीक सैल असेल तर पिठी आणखी लागते. पाणी वाढल्याने गोळ्यातलं पीठ कमी होतं खरं, पण त्यातलं बरंचसं पिठीच्या वाटेने परत येतं.

भाजून तव्यावरून उतरल्यावर मिनिटभराने वजन केलं तर सरासरी ३४.५ ग्रॅम. नगानगात एक-दीड ग्रॅमचा फरक आहे. चांगला फुगलेला फुलका हलका भरतो, कारण फुगवणारी वाफ त्याच्यातलंच पाणी असते. न फुगलेला दोन ग्रॅमनेही जड भरू शकतो, पीठ मात्र तेवढंच.

एका फुलक्याचा हिशोब: ८४ कॅलरी, प्रथिनं २.८, स्निग्ध ०.४, कर्बोदकं १६.९, तंतू ३.० ग्रॅम.

९ जानेवारी: जाडी

जाडीबद्दल दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो.

पहिला: गोळा तोच, लाटणी वेगळी. ४० ग्रॅमचा एक गोळा १७ सेंटीमीटरपर्यंत लाटला, दुसरा १३ वरच थांबवला. पहिल्याची जाडी साधारण दीड मिलिमीटर आणि दुसऱ्याची अडीचच्या थोडी वर. भाजल्यावर पातळ ३४.५ ग्रॅम आणि जाड ३६.५. जाड फुलक्यातून पाणी कमी उडतं म्हणून तो जड लागतो. पीठ दोन्हींत सारखंच, म्हणून मॅक्रो, म्हणजे प्रथिनं, स्निग्ध आणि कर्बोदकांचे आकडेही सारखेच. भाजल्यानंतरच्या वजनाला ठरावीक आकड्याने गुणून हिशोब करणारा इथे जाड फुलक्याला पाच कॅलरी उगीच जास्त देतो.

दुसरा प्रश्न: व्यास तोच, जाडी वेगळी. घराघरांतला फरक बहुतेक इथूनच येतो, कारण पोळपाट आणि तवा ठरलेला असतो आणि लाटणारा हात आपापल्या सवयीने थांबतो. कणकेची घनता काढण्यासाठी मापाच्या भांड्यात २०० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात १२० ग्रॅम कणकेचा गोळा बुडवला. पाणी ३०० वर आलं, म्हणजे घनता १.२. त्यावरून १८ सेंटीमीटर व्यासाच्या पोळीचा, पिठीसकट, हिशोब:

| कच्ची जाडी | कच्चं वजन | त्यात पीठ | कॅलरी |
|---|---|---|---|
| १.५ मिमी | ४६ ग्रॅम | २९ ग्रॅम | ९२ |
| २ मिमी | ६१ ग्रॅम | ३८ ग्रॅम | १२२ |
| ३ मिमी | ९२ ग्रॅम | ५७ ग्रॅम | १८३ |

दीड मिलिमीटरचा फरक ताटात डोळ्याला फारसा दिसत नाही, पण कॅलरी दुप्पट होतात. व्यास मात्र नजरेला दिसतो आणि तोही वर्गाने वाढतो: १५ चा १८ सेंटीमीटर झाला, जाडी तीच राहिली, तरी पीठ ४४ टक्क्यांनी वाढलं.

जाडी मोजायला व्हर्निअर लावला तर त्याच्या जबड्यात कणीक दबते आणि आकडा कमी येतो. त्यापेक्षा टूथपिक उभी टोचून पोळपाटापर्यंत न्यायची, कणकेच्या पातळीवर नखाने खूण करायची आणि पट्टीवर धरायची. मधे एकदा आणि काठाजवळ तीन-चारदा. नवख्या हाताच्या पोळीत मध्य आणि काठ यांत पाऊण मिलिमीटरपर्यंत तफावत सहज असते, तेव्हा एकाच ठिकाणची जाडी घेऊन हिशोब मांडू नये. खरं तर काटा हाताशी असेल तर जाडी मोजायची गरजच नाही. गोळा तोलला की झालं.

११ जानेवारी: ज्वारीची भाकरी

ज्वारीत गव्हासारखा चिवट गोळा बांधणारं ग्लुटेन नसतं. गरम पाण्याने पिठातला थोडा स्टार्च फुलतो आणि त्याच्या चिकटपणावर भाकरी थापली जाते. म्हणून पाणी जास्त लागतं आणि ते कढत लागतं. हिशोबाची भानगड इथेच सुरू होते, कारण ओतलेल्या पाण्यातलं काही वाफ होऊन जातं.

पीठ २०० ग्रॅम, आधणाचं पाणी १९० ग्रॅम. मळून झाल्यावर परातीसकट तोललं तर पीठ-पाणी मिळून ३८० ग्रॅमच भरलं, १० ग्रॅम उडालं. म्हणून ओतलेलं पाणी धरून भागाकार करायचा नाही. मळल्यानंतरचं वजन धरायचं. २०० भागिले ३८० म्हणजे ०.५२६, आणि १०० ग्रॅमच्या उंड्यात ५२.६ ग्रॅम पीठ.

परातीत थापताना खाली पीठ पसरलं १२ ग्रॅम. भाकरी उचलल्यावर परातीत ८ ग्रॅम उरलं, म्हणजे ४ ग्रॅम भाकरीबरोबर गेलं. फुलक्यावरची जादा पिठी झटकता येते, काही तव्यावर जळते. भाकरीत तसं होत नाही. पिठाची बाजू वर करून तव्यावर टाकतात आणि त्यावर पाण्याचा हात फिरवतात, त्यामुळे लागलेलं पीठ भाकरीतच मुरतं. एकूण पीठ ५६.६ ग्रॅम.

व्यास २० सेंटीमीटर, जाडी सरासरी तीन मिलिमीटर. भाजल्यावर ८९ ग्रॅम. हिशोब: १८९ कॅलरी, प्रथिनं ५.६, स्निग्ध १.०, कर्बोदकं ३८.३, तंतू ५.८ ग्रॅम.

पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. काठ फाटतात, भाकरी पातळ होत नाही, थापणारा हात लवकर थांबतो. तव्याएवढी भाकरी तर हवीच असते, मग उंडा मोठा घेतला जातो. विरी गेलेल्या पिठाची भाकरी त्याच व्यासाला जाड होते आणि तिच्यात पीठ जास्त जातं. अशा पिठाची उकड काढली तर पातळ थापता येते. पण उकडीत वाफ आणखी उडते, तेव्हा शेवटचं वजन घेतल्याशिवाय हिशोब मांडू नये.

प्रथिनांच्या आकड्यापुढे एक खूण करून ठेवली आहे. ज्वारीची प्रथिनं ओल्या उष्णतेत शिजली की पचायला अवघड होतात आणि तिच्यात लायसिन गव्हापेक्षाही कमी असतं. कागदावरची ५.६ ग्रॅम सगळी अंगी लागत नाहीत. मॅक्रोच्या कोष्टकात हे दिसणार नाही.

१३ जानेवारी: बाजरी, भोगीच्या निमित्ताने

बाजरीचं पीठ २०० ग्रॅम, मळल्यानंतर ३६४. ज्वारीपेक्षा पाणी कमी लागलं. १०० ग्रॅमच्या उंड्यात ५५ ग्रॅम पीठ, थापताना ५, एकूण ६०. भाजून ९१ ग्रॅम. हिशोब: २०९ कॅलरी, प्रथिनं ६.६, स्निग्ध ३.३, कर्बोदकं ३७.१, तंतू ६.९ ग्रॅम.

तिन्हींत खरा वेगळा आकडा एकच आहे, स्निग्धाचा. बाजरीत तो गव्हाच्या साडेतीनपट आहे. त्यामुळेच पीठ लवकर कडवट होतं: दळल्यावर तेल उघडं पडतं आणि पिठातलेच विकर ते फोडू लागतात. आठवड्याला लागेल तेवढंच दळावं, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवावं. कडवट पिठाचे मॅक्रो बदलत नाहीत, पण ते खाण्यासारखं राहत नाही.

भोगीच्या भाकरीला वरून तीळ लावतात ते वेगळे तोलले. एका भाकरीला ५ ग्रॅम बसले. तिळात स्निग्ध चाळीस टक्क्यांहून जास्त असतं, म्हणून त्यातून दोन ग्रॅमच्या वर स्निग्ध आणि सुमारे २५ ते २८ कॅलरी मिळतात. वर लोण्याचा गोळा आला की तोही वेगळ्या ओळीत लिहायचा, भाकरीच्या आकड्यात मिसळायचा नाही.

१५ जानेवारी: उलटतपासणी, वाळवून

पिठाचा हिशोब बरोबर आहे का हे भाजलेल्या नगावरूनही तपासता येतं. पूर्ण भाकरीचे बारीक तुकडे करून ओव्हनमध्ये १०५ अंशांच्या आसपास वाळवायचे. पाणी गेलं की उरतो तो पिठाचा कोरडा भाग. ज्वारीच्या पिठात ९ टक्के ओलावा होता, म्हणून उरलेल्या वजनाला ०.९१ ने भागलं की मूळ पीठ मिळतं. गव्हाला ०.८८९.

ज्वारीची ८९ ग्रॅमची भाकरी वाळून ५१.२ झाली. भागाकार ५६.३, हिशोबात होते ५६.६. बाजरीची ५४.३ वर थांबली, म्हणजे ५९.७, हिशोब ६०. थापताना लागलेलं पीठही यात आपोआप मोजलं जातं.

दोन गोष्टी सांभाळायच्या. तुकडे तांबूस होऊ लागले तर पाण्याबरोबर पिठाचाही अंश जळतोय, तेव्हा घरच्या ओव्हनच्या बटणावर विसंबू नये, आत थर्मामीटर ठेवावा. आणि वाळलेले तुकडे उघड्यावर गार केले तर हवेतला ओलावा ओढतात. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात गार करून तोलावेत. अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेली दोन वजनं सारखी आली की थांबायचं. पिठात मीठ असेल तर ते कोरड्या वजनात येतं, तेवढं वजा करायचं.

१७ जानेवारी: १०० ग्रॅम भाजलेल्याची तुलना फसवी का

भाजलेल्या वजनावर तुलना केली तर १०० ग्रॅममागे फुलका २४३ कॅलरी, बाजरी २३० आणि ज्वारी २१२ येते. यावरून 'ज्वारी हलकी' असा निष्कर्ष निघतो. तीच ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी टोपलीत सुकून ८० ग्रॅम झाली तर १०० ग्रॅममागे २३६ दाखवेल. फरक पाण्याचा आहे: फुलक्यात सुमारे ३२ टक्के, बाजरीच्या भाकरीत ४० आणि ज्वारीच्या भाकरीत ४२ टक्के.

सारखं पीठ धरलं की चित्र उलटं होतं. प्रत्येकी ३० ग्रॅम पीठ:

| | कॅलरी | प्रथिनं | स्निग्ध | कर्बोदकं | तंतू |
|---|---|---|---|---|---|
| गहू | ९६ | ३.२ | ०.५ | १९.३ | ३.४ |
| ज्वारी | १०० | ३.० | ०.५ | २०.३ | ३.१ |
| बाजरी | १०४ | ३.३ | १.६ | १८.५ | ३.४ |

तिन्ही धान्यांत मिळून आठ कॅलरींचा फरक. उलट आपल्याच मोजणीतल्या फुलक्यात २६ ग्रॅम पीठ आहे आणि भाकरीत ५७ ते ६०. दोन फुलके सोडून दोन भाकरी खाणाऱ्याच्या कॅलरी धान्य बदलल्याने वाढत नाहीत, दुपटीहून जास्त पीठ पोटात जातं म्हणून वाढतात. बदली करायची तर दोन फुलक्यांना एक भाकरी हे प्रमाण साधारण बसतं, बाजरीला किंचित लहान उंडा घेऊन.

१९ जानेवारी: घडीची पोळी

गोळा ५० ग्रॅम, पिठी २, एकूण पीठ ३२.७ ग्रॅम, म्हणजे १०५ कॅलरी. तेलाची वाटी ब्रशसकट आधी-नंतर तोलली: घडीत दीड ग्रॅम, भाजताना वरून दोन. साडेतीन ग्रॅम तेलाच्या ३१ कॅलरी, एकूण १३६. पोळीतलं स्निग्ध ४ ग्रॅम झालं, बाजरीच्या भाकरीपेक्षाही जास्त, तेही निम्म्याच्या जरा वर पिठात.

तेल चमच्याने मोजण्यात अर्थ नाही. एक चमचा साडेचार ग्रॅम धरतात, पण पोळीवर फिरवलेला चमचा कधी अर्धा असतो, कधी काठोकाठ. तव्यावर राहिलेलं तेल पुढच्या पोळीला लागतं, म्हणून एका पोळीचं न मोजता पूर्ण घाण्याचं मोजून नगांनी भागायचं.

२१ जानेवारी: बाहेरच्या ताटातली पोळी

खानावळीत गोळा तोलता येत नाही. गरम नगाचं वजन करता आलं तर त्यातलं पीठ असं काढायचं: फुलका असेल तर वजन गुणिले ०.७६, ज्वारीची भाकरी ०.६४, बाजरीची ०.६६. मग पिठाच्या ग्रॅमला अनुक्रमे ३.२, ३.३४ आणि ३.४८ ने गुणायचं. हे आकडे ताज्या, मऊ नगांचे आहेत. कडक किंवा शिळ्या भाकरीला लावले तर पीठ कमी धरलं जातं. तेल लावलेल्या पोळीला ०.७६ लावू नये, तेलाचं वजन पिठात मोजलं जातं आणि स्निग्धाचा आकडा कोराच राहतो. मैदा मिसळलेल्या रोटीला हे गुणक आणि वरचं कोष्टक दोन्ही चालत नाहीत.

भाजल्यावरची जाडी मोजून काही हाती लागत नाही, कारण पापुद्रा सुटलेला असतो आणि मधे हवा असते. वजनकाटा नसेल तर व्यास पाहायचा आणि तुकडा मोडून दोन्ही पापुद्रे चिमटीत दाबून जाडी बघायची. त्यातून येणारा अंदाज वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे असणारच, म्हणून नोंदवहीत त्यापुढे 'अंदाजे' असं लिहावं आणि दशांश चिन्ह वापरू नये.